सल्लागाराला नेमकं कोणतं काम दिलं होतं?

सोसायटीच्या ऑफिसात फाइल उघडली की पहिल्याच पानावर कन्सल्टंटचं कोटेशन लावलेलं असतं. त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं. ‘आपल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करणे, दुरुस्तीचे अंदाजपत्रक व टेंडर तयार करणे आणि दुरुस्तीच्या कामावर देखरेख करणे. एकूण फी रुपये ३,६०,०००, जीएसटी वेगळा.’ खाली सही, शिक्का, आणि कमिटीच्या बाजूने ‘मान्य’ असा शेरा. सगळ्यांना वाटतं, काम ठरलं.

वर्षभराने तीच फाइल पुन्हा उघडली जाते, पण या वेळी आवाज चढलेले असतात. कन्सल्टंट म्हणतो, ठेकेदाराने काम तीन महिने लांबवलं, तेवढ्या महिन्यांचे माझे पैसे वेगळे. कमिटी म्हणते, ‘एकूण फी’ असं तुम्हीच लिहून दिलंत. कन्सल्टंट म्हणतो, आठवड्याला एक फेरी मारत होतो. कमिटी म्हणते, देखरेख म्हणजे रोज यायला हवं होतं. दोन्ही बाजूंची माणसं सरळ असतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. कागदावरच्या त्या एका वाक्यातून दोघांनीही आपापला अर्थ घेतलेला असतो आणि तो वाक्यात बसतोही.

स्ट्रक्चरल ऑडिट ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करून घ्यायचं असतं. मुंबईत तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारकच आहे. त्यामुळे बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, निवृत्त पोस्टमास्तर अशा माणसांच्या कमिट्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या तज्ज्ञाकडून लाखो रुपयांचा सल्ला विकत घ्यावा लागतो. ठेकेदाराकडून काम करून घ्यायची थोडीफार सवय असते. प्लास्टर किती फूट झालं ते मोजता येतं. सल्ला मोजायचा कसा, हे मात्र ठाऊक नसतं.

मोजता येतो. त्यासाठी जो कागद लिहायचा, त्याला कंपन्यांमध्ये ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’ म्हणतात, तर सोसायट्यांमध्ये आणि साइटवर नुसतं ‘स्कोप’. तो कसा लिहावा हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. ठाण्यातली १९८९ सालची एक सोसायटी. तीन विंग, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं, म्हणजे एकूण ४८ फ्लॅट. छज्जांना चिरा, वरच्या मजल्यावर गळती, जिन्याखाली एके ठिकाणी सळई उघडी पडलेली. सोसायटी, तिचे आकडे आणि दर उदाहरणासाठी घेतलेले आहेत. अडचणी मात्र अशा जवळजवळ प्रत्येक इमारतीत येतात.

क्रियापद नको, वस्तू हवी

पहिली खोट ‘ऑडिट करणे’ या शब्दांतच आहे. ‘करणे’ कधी संपतं, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कागदावर क्रियेऐवजी हातात येणारी वस्तू लिहावी. कन्सल्टंट शेवटी सोसायटीच्या टेबलावर काय ठेवणार? अहवाल, किती प्रती, कोणाच्या सहीने? चाचण्यांचे निकाल, किती जागांचे? दुरुस्तीचं मोजमाप, फ्लॅटवार की नुसता एकूण आकडा?

या नमुन्यातल्या सोसायटीने पहिली ओळ खोडून तिथे असं लिहिलं, असं समजू:

‘सल्लागार तिन्ही विंगमधील सर्व ४८ फ्लॅट, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या व बाहेरील भिंती यांची पाहणी करेल. रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी या चाचण्या प्रत्येकी ६० जागी, हाफ सेल पोटेन्शियल ३० जागी, कार्बोनेशन १५ जागी आणि कोअर प्रत्येक विंगमध्ये ३ याप्रमाणे ९ घेईल. प्रत्येक जागा मजल्याच्या नकाशावर क्रमांकाने दाखवून तिचा फोटो जोडेल.’

वाचणाऱ्याला यातली नावं जड वाटतील, पण प्रत्येक आकड्यामागे एक भांडण टळलेलं आहे. कार्बोनेशनची चाचणीच पाहा. कॉलमचा एक कोपरा छिन्नीने ताजा फोडतात, धूळ झटकतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारतात. काँक्रीट अजून निरोगी असेल तर जागा क्षणात गर्द गुलाबी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटचा अल्कधर्म गेला असेल तर रंगच येत नाही. बाहेरच्या कडेपासून सळईपर्यंत बिनरंगाचा पट्टा दिसला, की सळईचं गंजापासून रक्षण करणारं कवच गेलं असं समजायचं. चाचणी काही मिनिटांची, आणि कुणाही सभासदाला डोळ्यांनी पाहता येणारी. पण ती दोन जागी केली काय किंवा १५ जागी केली काय, अहवालात ‘कार्बोनेशन चाचणी केली’ एवढंच वाक्य येतं. संख्या लिहिली नसेल तर दोन जागी करणाऱ्याला खोटं ठरवता येत नाही.

कोअरचंही तसंच. मशीनने काँक्रीटचा दंडगोल कापून काढायचा आणि तो प्रयोगशाळेत दाबून फोडायचा. आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं की अशा तपासणीत कोअर कधीही तीनपेक्षा कमी नसावेत, त्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या निदान ८५ टक्के भरावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. तेव्हा संपूर्ण सोसायटीत मिळून दोनच कोअर काढणाऱ्याचं कोटेशन स्वस्त असेल, पण त्या दोन आकड्यांवर तीन विंगचं भवितव्य ठरवता येणार नाही. तीन कोटेशनं समोर ठेवून सगळ्यात कमी रकमेवर खूण करणाऱ्या कमिटीला हा फरक दिसतच नाही, कारण तिन्ही कागदांवर शब्द तेच असतात.

‘देखरेख’ हा तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा शब्द आहे. त्याच्या जागी फेऱ्या लिहाव्यात. आठवड्यातून दोन, प्रत्येकी किमान दोन तास, किमान पाच वर्षं अनुभव असलेला सिव्हिल इंजिनिअर, आणि महिन्यातून एकदा स्वतः परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर. पण फेऱ्यांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचे आहेत थांबे. काँक्रीटच्या दुरुस्तीत जे बिघडतं ते झाकलं जातं. गंज नीट घासला नाही, झिजलेल्या सळईला जोड दिला नाही, तरी वरून पॉलिमर मॉर्टरचा थर चढला की सगळं सारखंच दिसतं, आणि दोन पावसाळ्यांनी तोच तुकडा फुगून खाली पडतो. म्हणून कागदात लिहायचं की तीन टप्प्यांवर ठेकेदाराने थांबायचं: सैल काँक्रीट काढून झाल्यावर, सळई साफ करून जोड दिल्यावर, आणि मॉर्टर भरून झाल्यावर. सल्लागाराने दोन दिवसांत पाहणी करून सही केल्याशिवाय पुढचा थर चढणार नाही. हीच अट ठेकेदाराच्या करारातही हवी, नाहीतर थांबणारं कुणी नसतं.

अशी मोडणी झाली की ३,६०,००० रुपयांचेही आपोआप तुकडे पडतात. आपल्या नमुन्यात ऑडिट आणि अहवालाचे १,५०,०००, मोजमाप, अंदाजपत्रक आणि टेंडरचे ६०,०००, आणि देखरेखीचे महिन्याला २५,००० याप्रमाणे सहा महिन्यांचे १,५०,०००. सहावा महिना संपल्यावर काय, हा प्रश्न आता निदान विचारता तरी येतो.

जे सांगायची गरज वाटत नाही, ते

सल्लागार किंमत सांगतो तेव्हा त्याच्या मनात एक चित्र असतं. घरं उघडी मिळतील, जुने नकाशे मिळतील, मशीनला वीज आणि पाणी मिळेल. कमिटीच्या मनातलं चित्र वेगळं असतं. एकदा पैसे ठरले की बाकी सगळं त्याचं. ही दोन्ही चित्रं कागदावर आणणं, म्हणजेच गृहीतकं लिहिणं. सगळ्यात जास्त वाद इथे उगवतात आणि सगळ्यात कमी शाई इथेच खर्च होते.

४८ घरांपैकी सहा-सात कायम बंद असतात. मालक पुण्यात, मुलगा दुबईत, एखादं घर कोर्टकज्जात. कन्सल्टंटचा इंजिनिअर तीनदा येतो, कुलूप पाहून परत जातो, आणि अहवालात ‘पाहणीसाठी उपलब्ध नाही’ असं लिहितो. पुढे नेमक्या त्याच घराच्या मोरीखालचा स्लॅब गळायला लागतो आणि खालच्या मजल्यावरचे काका विचारतात, ऑडिट काय केलं मग? आता चूक कुणाची? कागदात काहीच नसेल तर दोघांचीही किंवा कुणाचीच नाही. म्हणून लिहायचं: ‘सोसायटी सभासदांना सात दिवस आधी नोटीस देऊन घरं उघडी ठेवेल. ठरलेल्या दिवसांत जी घरं मिळणार नाहीत त्यांच्यासाठी सल्लागार एकदाच, एका जादा दिवशी, विनामूल्य येईल. त्यानंतरच्या प्रत्येक जादा दिवसाला ३,००० रुपये. तरीही न मिळालेली घरं अहवालात क्रमांकासह नोंदवली जातील.’

या तीन ओळींत गृहीतक लिहायची खरी रीत आहे. आम्ही काय धरून चाललो आहोत, ते खरं करण्याची जबाबदारी कोणाची, आणि ते खोटं निघालं तर किती पैसे आणि किती दिवस. यातला तिसरा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. ‘सोसायटीने सर्व सहकार्य करावे’ असं एक गोड वाक्य टाकून सल्लागार मोकळा होतो. सहकार्य मिळालं नाही तर काय, हे ते वाक्य सांगत नाही, त्यामुळे वेळ आल्यावर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

जुन्या नकाशांचीही हीच गत. १९८९ सालच्या इमारतीचे मंजूर आर्किटेक्चरल नकाशे महापालिकेतून मिळू शकतात, पण सळयांचे नकाशे बहुधा बिल्डरबरोबरच गेलेले असतात. ते नसतील तर कॉलम-बीमची मापं जागेवर घेऊन नकाशा तयार करावा लागतो आणि सळया किती, किती व्यासाच्या, हे रीबार लोकेटर फिरवून शोधावं लागतं. हे चांगले काही दिवसांचं काम आहे. कोटेशनमध्ये ते धरलंय की नाही, हे आधीच विचारून लिहून घ्यावं.

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी तर मुद्दाम लिहाव्यात. कोअर काढल्यावर कॉलमला जे भोक पडतं ते न आकसणाऱ्या ग्राउटने कुणी बुजवायचं? हाफ सेलच्या चाचणीत तार जोडायला सळई उघडी करावी लागते. त्या घरातलं प्लास्टर आणि रंग कोण पूर्ववत करणार? बाहेरच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर हात पोचायला परांची की झुला, आणि त्याचं भाडं कोणाचं? दिवाणखान्यातल्या भिंतीला पडलेलं एक भोक दोन महिने तसंच राहिलं, तर त्या घरच्या माणसांचा अख्ख्या ऑडिटवरचा विश्वास उडतो. अशा दहा घरांनी मिळून पुढची सर्वसाधारण सभा बंद पाडल्याची उदाहरणं सोसायट्यांमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारावीत.

एक गृहीतक मात्र सल्लागाराने आपल्या बचावासाठी लिहावं आणि सभासदांनी ते समजून घ्यावं. ऑडिटच्या वेळी प्लास्टर सगळीकडे काढलेलं नसतं. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो तिथे खूण केली जाते आणि त्यावरून किती चौरस फूट दुरुस्ती लागेल याचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्ष गिलावा उतरवला की आकडा वाढतोच. तेव्हा ‘अंदाजपत्रकातील परिमाणं पाहणीवर आधारित आहेत, प्रत्यक्षात २० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, आणि तेवढ्या फरकासाठी सल्लागार वेगळी फी मागणार नाही’ हे वाक्य दोघांनाही सांभाळतं. इथेच एक सावधगिरीचा शब्द. पुष्कळ ठिकाणी देखरेखीची फी दुरुस्तीच्या बिलाच्या टक्केवारीत ठरवतात. मग परिमाण वाढलं की सल्लागाराची फीही वाढते आणि त्याने प्रामाणिकपणे वाढवलेल्या मोजमापाकडेही सभासद संशयाने पाहू लागतात. ठरावीक मासिक रक्कम त्यापेक्षा पुष्कळ बरी. ज्याचं काम ठेकेदाराचं बिल तपासणं आहे, त्याचं उत्पन्न त्या बिलाच्या वाढीवर अवलंबून असू नये.

काम स्वीकारलं, हे कोण आणि कधी म्हणणार?

अहवालाची प्रत ऑफिसात येते. सेक्रेटरी पोच म्हणून सही करतात. कन्सल्टंट ती सही स्वीकृती समजतो आणि बिल पाठवतो. कमिटीला वाटतं, आत्ता तर कुठे वाचायचाय. दीड महिन्याने एक सभासद विचारतो की ‘बी’ विंगच्या गच्चीचा उल्लेख का नाही, आणि तिथून बिल अडकतं. सल्लागाराचा माणूस एव्हाना दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

पोच आणि स्वीकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कागदात लिहिलेलं हवं. आपल्या नमुन्यात ते असं लिहिलं: सल्लागार आधी मसुदा देईल. कमिटी कामाच्या १५ दिवसांत आपल्या सर्व हरकती एकाच यादीत, लेखी देईल. सल्लागार १० दिवसांत दुरुस्त अहवाल देईल. त्यानंतर कमिटीने फक्त यादीतल्या हरकती मिटल्या का, एवढंच पाहायचं, नव्या काढायच्या नाहीत. १५ दिवसांत यादी आली नाही तर मसुदा स्वीकारला असं समजलं जाईल. आणि सोसायटीच्या वतीने ‘स्वीकारलं’ असं कमिटीच्या ठरावाने नेमलेले दोनच पदाधिकारी म्हणू शकतील.

मुदत उलटल्यावर आपोआप स्वीकृती, ही अट कमिट्यांना टोचते. पण ती नसेल तर सल्लागाराचे पैसे कमिटीच्या सवडीवर टांगलेले राहतात आणि चांगले इंजिनिअर अशा सोसायटीचं काम घेतच नाहीत. १५ दिवस कमी वाटत असतील तर २१ लिहावेत, पण आकडा लिहावा.

पाहायचं काय, हेही आधीच ठरलेलं असावं. ६० म्हणजे ६० जागांचे आकडे आहेत का, प्रत्येकीचा फोटो आणि नकाशावरचा क्रमांक जुळतो का, यंत्रांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं आणि प्रयोगशाळेचा मूळ अहवाल जोडला आहे का, दुरुस्तीचं मोजमाप फ्लॅटवार आहे का, महापालिकेच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र आहे का. ही तपासणी निवृत्त पोस्टमास्तरही करू शकतात, आणि बऱ्याचदा इतरांपेक्षा चोख करतात. महापालिकेने त्रुटी काढून अहवाल परत पाठवला तर त्या त्रुटी सल्लागार विनामूल्य दुरुस्त करेल, हेही एका ओळीत लिहावं.

निष्कर्ष मात्र स्वीकृतीच्या बाहेर ठेवावा लागतो. महापालिका इमारतींची वर्गवारी करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ज्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असते तिथे एका गटाला सी-१ हवं असतं आणि दुसऱ्याला सी-३. अहवाल आला की एक गट नाराज होतोच, आणि त्याचा कमिटीत जोर असेल तर ‘अहवाल समाधानकारक नाही’ म्हणून पैसे रोखले जातात. ‘समाधानकारक’ हा शब्द म्हणून या कागदात कुठेही नसावा. त्याऐवजी स्पष्ट लिहावं की फी कोणत्याही विशिष्ट वर्गवारीवर अवलंबून नाही. कुणाला निष्कर्ष पटला नाही तर दुसऱ्या इंजिनिअरकडून स्वतंत्र ऑडिट करून घ्यावं. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. पहिल्या सल्लागाराचं काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं असेल तर त्याचे पैसे तोवर थांबवता येत नाहीत. इमारत धोकादायक आहे असं सांगणाऱ्याच्या मनात बिलाची भीती असणं, हे त्या इमारतीत झोपणाऱ्या प्रत्येकासाठी वाईट आहे.

काम वाढतं तेव्हा

आता दुरुस्ती सुरू झाली आहे. ‘बी’ विंगच्या संडास-बाथरूमच्या डक्टला लागून असलेल्या चार कॉलमांचा गिलावा उतरवला, तर आतली सळई गंजून पार बारीक झालेली. नुसतं मॉर्टर भरून भागणार नाही. कॉलमभोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधून नवं काँक्रीट, म्हणजे जॅकेटिंग करावं लागणार, आणि त्यासाठी हिशेब आणि नकाशा लागणार. हे काम मूळ कागदात नव्हतं. ठेकेदार थांबलाय. खजिनदार साइटवर येतात, कॉलम बघतात आणि म्हणतात, ‘साहेब, करून टाका, पैशाचं बघू नंतर.’

हे ‘बघू नंतर’ पुढे किती महाग पडतं याचं एक जुनं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, बंगालमध्ये बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदार फर्मने नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामं बांधली, आणि मग अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आणखीही बांधकाम केलं. सरकारशी करार ज्या रीतीने व्हायला हवा तशा रीतीने तो झालेला नव्हता. सरकारने बांधकाम वापरलं, पण पैसे द्यायची वेळ आल्यावर करारच नाही असं सांगितलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला डिसेंबर १९६१ मध्ये, कामानंतर सुमारे सतरा वर्षांनी. बहुमताचा निकाल लिहिला तो पुढे सरन्यायाधीश झालेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० चा आधार घेऊन न्यायालयाने ठरवलं की एखाद्याने फुकट करण्याच्या हेतूने नव्हे असं काम कायदेशीरपणे केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ स्वीकारला, तर वैध करार नसला तरी लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यायला हवी.

हा निकाल सोसायटीसाठी आणि सल्लागारासाठी दोघांसाठीही वाचण्यासारखा आहे. ‘लेखी ऑर्डर नव्हती, म्हणून पैसे नाहीत’ असं कमिटीला सहज म्हणता येणार नाही, कारण जॅकेटिंगचा नकाशा वापरून कॉलम उभा आहे. आणि सल्लागारालाही ‘काम केलंय, पैसे मिळतीलच’ म्हणून निर्धास्त राहता येणार नाही, कारण किती पैसे, हे शोधायला वर्षं लागू शकतात.

त्यामुळे बदलाची वाट आधीच आखून ठेवावी. ती साधी हवी, नाहीतर साइटवरची माणसं ती वापरतच नाहीत. एक पान पुरे. काय बदललं, का बदललं, सल्लागार नवं काय देणार, किती पैसे, किती दिवस, आणि खाली दोन्ही बाजूंच्या नेमलेल्या माणसांच्या सह्या. सही होईपर्यंत जादा काम सुरू करायचं नाही, आणि सुरू केलं तर ते सल्लागाराच्या जोखमीवर. कमिटीने पाच दिवसांत होकार किंवा नकार द्यायचा, आणि तिच्या उशिराने काम लांबलं तर ते दिवस सल्लागाराच्या मुदतीत धरायचे नाहीत. ज्या बदलांचा आधीच अंदाज असतो त्यांचे दर मूळ कागदातच द्यावेत: जादा कोअर इतके रुपये, जादा फेरी इतके, सहा महिन्यांनंतरचा प्रत्येक महिना इतके. सुरुवातीला, सगळ्यांची मनं मोकळी असताना ठरलेला दर नंतर कुणाला बोचत नाही. शेवटच्या बाबतीत आणखी एक ओळ हवी. उशीर ठेकेदारामुळे झाला तर सल्लागाराचा जादा महिना सोसायटीने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. सल्लागाराने स्वतः नकाशे किंवा मोजमाप उशिरा दिल्यामुळे झाला, तर जादा पैसे नाहीत. म्हणजे सुरुवातीला ज्यावरून आवाज चढले होते, तो वाद एका ओळीत मिटतो.

तातडीला मात्र सूट ठेवावीच लागते. त्या चार कॉलमांना लोखंडी टेकू द्यायचे तर कमिटीच्या सहीची वाट पाहता येत नाही. ‘जीविताला धोका असल्यास सल्लागार तात्काळ टेकू देण्याची सूचना ठेकेदाराला देईल आणि २४ तासांत सोसायटीला लेखी कळवेल’, इतकं पुरतं.

आणि व्हॉट्सॅप. सोसायटीच्या ग्रुपवर कन्सल्टंट लिहितो, ‘चार कॉलमांचं डिझाइन करावं लागेल, एक्स्ट्रा होईल.’ खाली कुणीतरी अंगठा टाकतं. तो होकार होता का? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ प्रमाणे करार केवळ इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झाला म्हणून अवैध ठरत नाही, तेव्हा अंगठ्याला काहीच अर्थ नाही असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कागदात लिहावं की बदलाचा होकार फक्त सोसायटीच्या अधिकृत ईमेलवरून किंवा सहीच्या कागदावरून ग्राह्य धरला जाईल, ग्रुपवरचे संदेश नाहीत. साइटवर तोंडी ठरलेलं असेल तर सल्लागाराने त्याच दिवशी ईमेल करून ‘आज असं ठरलं’ म्हणून नोंदवावं. ही सवय कटकटीची वाटते, पण काम चालू असताना कमिटीची निवडणूक झाली की तिची किंमत कळते. नव्या कमिटीला जुन्यांच्या आठवणी वारसाहक्काने मिळत नाहीत. तिच्या हाती फक्त फाइल येते.

आपल्या नमुन्यातल्या सोसायटीच्या फाइलमध्ये आता त्या फाइलीचं पहिलं बदलपत्र लावलेलं आहे. ‘बी’ विंग, डक्टलगतचे चार कॉलम, जॅकेटिंगचा हिशेब आणि नकाशे, १८,००० रुपये अधिक जीएसटी, १० दिवस. टेकू त्याच दिवशी लागले, सह्या चौथ्या दिवशी झाल्या. ज्यांच्या इमारतीचं ऑडिट येत्या वर्षात करायचं आहे त्यांनी वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी असं एक कोरं बदलपत्र सल्लागाराकडून मागून घ्यावं, आणि ते मूळ कागदालाच टाचून ठेवावं.